‘तुम्ही माझं प्रोफाइल पाहिलंत’ हे वाक्य मी का सोडलं

नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केलेल्यांसाठी, त्यातही पहिल्या वर्षात असलेल्यांसाठी हे लिहितेय. मी मशीनची मॅन्युअल लिहिते. भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यातल्या कंपन्या मशीन बनवतात, आणि ते कसं चालवायचं, कसं साफ करायचं, अडकलं तर काय करायचं हे कुणीतरी कागदावर आणावं लागतं. ते काम माझं. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली तेव्हा ओळखी संपल्या की काम संपणार हे दिसत होतं, म्हणून लिंक्डइनवर नेमाने लिहायला लागले. प्रोफाइल कसं भरायचं, फोटो कसा असावा, हे तुम्हाला माहीत आहेच, त्यात जात नाही. मी अडकले ते पुढच्या पायरीवर. लोक येऊन बघून जात होते, पोस्टवर लाइक पडत होते आणि बोलत कुणीच नव्हतं.

तेव्हा मी जे केलं ते आधी सांगते, कारण ते आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

चाकणच्या एका कंपनीतले डिझाइनचे प्रमुख आठवड्यात दोनदा माझ्या प्रोफाइलवर येऊन गेले होते. नाव आणि हुद्दा दोन्ही दिसत होतं. त्या महिन्यात माझ्याकडे एकच काम होतं आणि तेही संपत आलेलं. रात्री पावणेअकराला मी कोथरूडच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांचं प्रोफाइल वरपासून खालपर्यंत वाचलं, कंपनीचं पान वाचलं, त्यांच्याकडे डॉक्युमेंटेशन इंजिनिअरची जागा निघाली आहे हेही शोधून काढलं. ते आधीपासून माझ्या ओळखीच्या यादीत होते, त्यामुळे थेट मेसेज जाणार होता. मी लिहिलं, ‘सर, या आठवड्यात आपण दोनदा माझं प्रोफाइल पाहिलंत. आपल्याकडे डॉक्युमेंटेशनसाठी जागा आहे आणि आपली मशीन जर्मनीला जातात असं दिसलं. त्यात मी मदत करू शकते. उद्या बोलायचं का?’ मूळ इंग्रजीत होतं, पण आशय हाच.

मला ते उत्तम वाटलं होतं. नेमकं, अभ्यास केलेलं, सभ्य. सकाळी उत्तर आलं, ‘चुकून क्लिक झालं असेल.’ संपलं. लिंक्डइनवर पाठवलेला मेसेज साठ मिनिटांच्या आत बदलता किंवा काढता येतो. मी तर तो पाठवून समाधानाने झोपले होते.

सात-आठ महिन्यांनी मोशीच्या प्रदर्शनात एका जुन्या सहकाऱ्याने आमची ओळख करून दिली. चहा घेताना त्यांनीच विषय काढला. त्या दिवसांत ते राजीनामा द्यायचा विचार करत होते. स्वतंत्र काम करणारी माणसं स्वतःबद्दल काय लिहितात, कशी मांडणी करतात, हे बघत रात्री बसायचे. माझ्यासारखी दहा-बारा प्रोफाइलं त्यांनी चाळली होती. माझा मेसेज आला आणि त्यांच्या मनात पहिला प्रश्न आला तो हा की हिला दिसलं तर आणखी कुणाकुणाला दिसलं असेल? कंपनीतल्या कुणाला कळलं तर? त्यांनी त्याच रात्री सेटिंग बदलून नाव लपवलं. मॅन्युअल त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

या एका प्रसंगावर मी फार विचार केलाय आणि नव्या माणसाला मी हाच भाग तपशिलात सांगते. त्यांना काय खुपलं असेल? माझी माहिती खरी होती, भाषा अदबीची होती. पण त्यांनी जे एकट्याने, कुणी बघत नाही असं समजून केलं, ते मी त्यांच्यासमोर मोजून ठेवलं. सोसायटीत समोरच्या काकूंनी ‘काल साडेअकराला आलात ना घरी?’ असं विचारलं तर त्यात खोटं काहीच नसतं. तरी त्यानंतर आपण जिना चढताना गॅलरीकडे बघतो. ‘दोनदा’ या शब्दाने मी ती गॅलरी झाले. आणि त्यावर ‘जागा आहे असं दिसलं’ म्हणून आणखी एक खिडकी उघडली.

मी स्वतः बाई असल्यामुळे याची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. एका पुरवठादाराची माहिती बघायला मी त्याच्या प्रोफाइलवर गेले होते, तर अर्ध्या तासात मेसेज आला, ‘मॅडम, आमच्या प्रोफाइलवर आला होतात, काही काम होतं का?’ बिचाऱ्याचा हेतू धंद्याचाच असणार. पण मी उत्तर दिलं नाही आणि त्याच्याकडून वस्तूही घेतली नाही. पुरुष मित्रांनो, हे वाक्य अनोळखी बाईला कधीच पाठवू नका. याला अपवाद नाही.

तेव्हा आधी हे नीट समजून घ्या की कुणी प्रोफाइल बघणं आणि कुणी लाइक करणं या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. लाइक करणाऱ्याला माहीत असतं की खाली नाव दिसणार. तो चारचौघांत मान डोलावतो. कमेंट करणारा तर चारचौघांत बोलतोच. प्रोफाइल बघणारा मात्र कुणाशीच बोलत नसतो. आपलं नाव समोर जातं हे कित्येकांच्या लक्षातही नसतं. ज्यांच्या लक्षात असतं ते सेटिंगमध्ये जाऊन फक्त हुद्दा आणि कंपनीचा प्रकार दिसेल असं करतात, किंवा पूर्ण गुप्त राहतात. म्हणजे कमेंटचा उल्लेख बिनधास्त करा, लाइकचा क्वचित आणि हलक्या हाताने, आणि बघण्याचा कधीही नाही.

त्या यादीतून कळतं तरी किती? मोफत खात्यात शेवटची मोजकीच नावं दिसतात. पैसे भरले की यादी लांबते, पण जो गुप्त राहून आला तो पैसे भरूनही दिसत नाही. आणि नाव दिसलं तरी कारण दिसत नाही. त्याने तुमच्या नावाची दुसरी बाई शोधली असेल, तुमच्या एखाद्या कमेंटवरून तो आला असेल, तो तुमचा स्पर्धक असेल, किंवा त्या डिझाइन प्रमुखांसारखा स्वतःचंच काही शोधत असेल. कारण माहीत नसताना आपण ते गृहीत धरून मेसेज लिहितो, तिथेच तो मेसेज चुकतो. वाढीव यादीसाठी पहिल्या वर्षी पैसे घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. जास्त नावं दिसली की जास्त नावांना मेसेज करायचा मोह होतो, एवढाच फरक मला जाणवला.

आपण कुणाच्या प्रोफाइलवर गेलो की आपलंही नाव त्याला दिसतं, हेही विसरू नका. एकदा जाणं म्हणजे दारावरून जाताना नमस्कार केल्यासारखं, ते चालतं. रोज गेलात तर त्यालाही गॅलरी दिसते. गुप्त होऊन बघावं म्हटलं, तर मोफत खात्यात आपल्याकडे कोण आलं ती यादीच बंद होते.

आता मी काय करते. मेसेज लिहून झाला की स्वतःला एकच प्रश्न विचारते. हा माणूस माझ्या प्रोफाइलवर आलाच नसता, त्याने लाइक केलंच नसतं, तरी हा मेसेज मी त्याला लिहू शकले असते का? उत्तर ‘हो’ असेल तरच पाठवते. व्ह्यू किंवा लाइक मला फक्त एवढं सांगतं की या माणसाकडे लक्ष दे. काय लिहायचं हे त्याच्या कामातून यायला हवं. चाकणच्या मेसेजला ही कसोटी लावून बघा. ‘दोनदा पाहिलंत’ काढलं की उरतं ‘तुमच्याकडे जागा आहे, मी मदत करू शकते’, म्हणजे कुणालाही पाठवता येईल असा अर्ज. मेसेजमध्ये त्यांच्यासाठी काहीच नव्हतं, ती पोकळी मी त्यांच्या क्लिकने भरली होती.

एक झालेलं प्रकरण पहिल्यापासून सांगते, म्हणजे कळेल.

मी एक पोस्ट लिहिली होती युरोपात जाणाऱ्या मशीनच्या मॅन्युअलबद्दल. तिथल्या नियमाप्रमाणे मॅन्युअल ज्या देशात मशीन जातं त्या देशाच्या भाषेत द्यावं लागतं, आणि अनुवादावर ‘हा मूळ सूचनांचा अनुवाद आहे’ असं छापावं लागतं, सोबत मूळ प्रतही द्यावी लागते. आपल्याकडे अनेकदा हे विसरलं जातं. शिवाय २०२३/१२३० या क्रमांकाचा नवा नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होतोय आणि त्यात मॅन्युअल डिजिटल रूपात द्यायची मुभा आहे, तेही लिहिलं होतं. पोस्टला तीसेक लाइक आले. त्यातले निम्मे माझे जुने सहकारी. ते प्रेमाने करतात, त्यांच्यामागे जायचं नसतं. दोन-तीन विद्यार्थी. एक लाइक मात्र भोसरीतल्या पॅकिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या सर्व्हिस मॅनेजरचा होता, पोस्टनंतर दोन दिवसांनी आलेला. त्याच सुमारास माझ्या यादीत ‘मशिनरी उद्योगातील सर्व्हिस मॅनेजर’ असं बिननावाचं कुणीतरी दिसत होतं. तेच असतील, नसतीलही. मी दोन्ही जोडले नाहीत. हे जोडण्याचा मोह होतो, आणि एकदा मनात जोडलं की ते लिहिण्यात उतरतंच.

त्यांची माझी थेट ओळख नव्हती, म्हणून आधी आमंत्रण पाठवावं लागणार होतं. मोफत खात्यात आमंत्रणासोबतच्या नोटला २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि अशा नोटा महिन्याला मोजक्याच पाठवता येतात, त्यामुळे त्या जपून वापरायच्या. मी त्याच दिवशी पाठवलं नाही. लाइक आल्यावर पाच मिनिटांत नोट गेली तर शब्द कितीही साधे असोत, वेळच सांगते की ही बसून बघत होती. हिरवा ठिपका दिसतोय म्हणून लगेच मेसेज टाकणंही त्यातलंच. पण तीन आठवडे थांबण्यातही अर्थ नाही, तोवर विषय त्यांच्या डोक्यातून गेलेला असतो. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवलं. सर्व्हिसवाल्यांची सकाळ बंद पडलेल्या मशीनच्या फोनमध्ये जाते, हे नोकरीत असताना पाहिलेलं.

नोट अशी होती, हीही मूळ इंग्रजीतच: ‘नमस्कार सर. मी मशीनची मॅन्युअल लिहिते. पॅकिंग मशीनमध्ये फिल्म अडकली तर ऑपरेटर मॅन्युअल उघडतो की थेट तुमच्या माणसाला फोन करतो, हे जाणून घ्यायचं आहे.’

यात लाइक नाही, पोस्ट नाही, त्यांच्या कंपनीचं कौतुक नाही, मला काय हवंय याचा इशारा नाही. प्रश्न मात्र असा आहे की त्याचं उत्तर त्यांना विचार न करता देता येतं आणि मला ते खरंच माहीत नाही. हे दुसरं महत्त्वाचं. उत्तर माहीत असताना प्रश्न विचारलात तर वीस वर्षं फील्डवर काढलेला माणूस ते लगेच ओळखतो.

आमंत्रण दोन दिवसांनी स्वीकारलं गेलं. सोबत काहीच नाही. इथे नवी माणसं घाबरतात आणि लगेच ‘जोडल्याबद्दल आभार, माझ्या सेवा पुढीलप्रमाणे’ असं पत्रक पाठवतात. मीही पाठवली आहेत, एकालाही उत्तर आलं नाही. यावेळी मी थांबले. चौथ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, चार ओळींचं. ऑपरेटर मॅन्युअल उघडतच नाही, ते ऑफिसच्या कपाटात कुलपात असतं. तो मोबाइलवर फोटो काढून आमच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅप करतो. आमचा माणूस फोटोवर लाल बाण काढून परत पाठवतो. महिन्यातून कित्येकदा तोच बाण.

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. माझं काम तिथेच होतं, पण ‘मी हे करून देते’ असं लिहिलं नाही. विचारलं, ‘तो बाण नेहमी त्याच रोलरपाशी असतो का? असेल तर तो एकच कागद मशीनच्या दाराला आतून चिकटवला तर चालेल का, की तिथे तेल आणि धूळ फार?’ त्यावर त्यांनी फोन नंबर दिला. मग मराठीत बोलणं झालं, कारण फोन उचलताच ते ‘बोला मॅडम’ म्हणाले. (पहिल्या मेसेजमध्ये आडनाव बघून मराठीत शिरू नये असं मला वाटतं. काहींना आपुलकी वाटते, काहींना आपली चौकशी झाल्यासारखं वाटतं. समोरचा वळला की वळावं.)

पुढच्या आठवड्यात मी भोसरीला जाऊन मशीन पाहिलं. पहिलं काम सहा पानांचं होतं, फिल्म अडकणं आणि सीलिंगचा जबडा साफ करणं एवढ्यापुरतं, मराठी आणि हिंदीत, चित्रांवर भर देऊन. रक्कम मोठी नव्हती. पण पैसे वेळेवर आले आणि नंतर त्यांच्याकडूनच आणखी दोन मशीनचं काम आलं.

या पद्धतीत वेळ जातो आणि बऱ्याचदा काहीच होत नाही, हे लपवत नाही. त्या वर्षी मी अशा चाळीसेक लोकांना लिहिलं असेल. बरेच गप्प राहिले. काहींशी छान बोलणं झालं आणि तिथेच थांबलं. कामं आली दोन. तुमच्या घराचं भाडं पुढच्या महिन्यात यातून निघेल असं समजू नका, त्यासाठी जुन्या ओळखींना सरळ फोन करा. पण ज्यांनी उत्तरं दिली त्यातल्या एकानेही मला ‘चुकून क्लिक झालं’ असं सांगितलं नाही, आणि जे गप्प राहिले त्यांच्यासमोर प्रदर्शनात उभं राहताना मला मान खाली घालावी लागत नाही.

गप्प राहणाऱ्याला मी दोन आठवड्यांनी एकदाच पुन्हा लिहिते, आणि तेही त्याच्या कामाचं काही नवीन हातात असेल तरच. ‘माझा मेसेज पाहिलात का?’ हे लिहीत नाही. मेसेज वाचल्याची खूण दिसत असेल तर मुळीच नाही, कारण तीसुद्धा एक खिडकीच आहे. आमंत्रण स्वीकारलं नाही म्हणून चिडून मागे घेऊ नका. मागे घेतलं की त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं.

फक्त बघून गेलेल्यांचं काय, असं नेहमी विचारतात. त्यांना मी लिहितच नाही. त्याऐवजी असं करते की एकाच हुद्द्याची दोन-तीन माणसं येऊन गेली, समजा परचेसची, तर पुढची पोस्ट त्यांना पडणाऱ्या प्रश्नावर लिहिते. मॅन्युअलचा दर पानावर ठरवायचा की मशीनवर, दुरुस्तीच्या फेऱ्या किती धरायच्या, असं. ज्याला खरंच हवं असतं तो मग उघडपणे काहीतरी करतो, आणि तिथून मला बोलायला वाट मिळते. एखाद्याने तीन महिन्यांपूर्वीची पोस्ट शोधून लाइक केली तर तो माणूस मनापासून काहीतरी शोधतोय हे कळतं, पण ते बोलून दाखवणं सगळ्यांत वाईट. ‘तुम्ही माझ्या जुन्या पोस्टपर्यंत गेलात’ असं त्याला ऐकवू नका. त्या पोस्टच्या विषयावर त्याच्या कामातला प्रश्न विचारा.

शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत तयार मेसेजचे नमुने विकणारे भेटतील. त्यातला पहिला नमुना हमखास ‘प्रोफाइलला भेट दिल्याबद्दल धन्यवाद’ हा असतो. मीही अशा एका कार्यशाळेचे पैसे भरले आहेत आणि चाकणचा मेसेज तिथल्याच नमुन्यावर बेतला होता. ‘लाइक केल्याबद्दल आभार’ हाही त्यांचाच. त्याला ‘वेलकम’शिवाय उत्तर काय देणार? आणि दुसऱ्यांच्या प्रोफाइलवर आपोआप फिरून येणारी सॉफ्टवेअर घेऊ नका. लिंक्डइनच्या अटींत ते बसत नाही, खातं अडकू शकतं. तुम्हाला शिकायचंच असेल तर ज्या लोकांसाठी काम करायचंय त्यांच्यातला एखादा निवृत्त माणूस शोधा. मला एका निवृत्त प्रॉडक्शन इंजिनिअरने माझे मेसेज वाचून फक्त एवढं विचारलं होतं, ‘यात माझ्या मशीनबद्दल काय आहे?’ त्या एका प्रश्नाने मला कार्यशाळेपेक्षा जास्त शिकवलं.

एक शंका मलाही बराच काळ छळत होती. हे सगळं म्हणजे लपवणं नाही का? आपल्याला दिसलंय, आणि आपण न दिसल्यासारखं वागतोय. भोसरीच्या त्या सरांनी याचं उत्तर नकळत दिलं. दुसऱ्या भेटीत, मशीनचं दार उघडून दाखवताना ते म्हणाले, ‘तुमची ती जर्मनीवाली पोस्ट वाचली होती मी. लाइकपण केली होती, पाहिलं असेल तुम्ही.’ मी म्हणाले, ‘हो, पाहिलं होतं.’ सरळ विचारलं की सरळ सांगायचं, तिथे खोटं बोलायचं नाही. ते हसले आणि पुढे म्हणाले, ‘आमची तीन मशीन गेलीत तिकडे, आणि ते अनुवादाचं वाक्य एकावरही छापलेलं नाही. ते किती दिवसांत करून द्याल?’